अंगठ्याखालचा 'आ'

सिंधुदुर्गातल्या एका बचत गटाची कोकम आगळाची काचेची बाटली. अर्ध्या लिटरची, अंग सरळ नळकांडं, वर गोलसर खांदा, आखूड मान आणि सोनेरी पत्र्याचं झाकण. ही बाटली ऑनलाइन दुकानात ठेवायची होती आणि गटाकडे तिचा एकच बरा फोटो होता. कुणीतरी घराच्या पडवीत डाव्या हातात बाटली आणि उजव्या हातात मोबाइल धरून तो काढला होता. उजवीकडून मऊ उजेड येत होता, फोकस नेमका होता, लेबलवरचं बारीक अक्षरही वाचता येत होतं. अडचण हाताची होती. अंगठा लेबलवर आडवा पडलेला, तळहाताने डावी कड झाकलेली, आणि मागून वळसा घालून आलेल्या दोन बोटांची टोकं उजव्या कडेवर दिसत होती. 'आगळ'मधला 'आ' अंगठ्याखाली गेल्यामुळे बाटलीवर 'गळ' एवढंच उरलं होतं.

विक्रीसाठी वस्तूचा जो एकटा, स्वच्छ, पार्श्वभूमी नसलेला फोटो लागतो त्याला या धंद्यात पॅकशॉट म्हणतात. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचा आकडा २५५. वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. अशा फोटोत हात खपत नाही. नवा फोटो काढणं हाच खरा सोपा उपाय, आणि असं काम घेऊन येणाऱ्याला मी आधी तेच सांगतो. पण इथे मागच्या उन्हाळ्याचा माल संपला होता, नवं आगळ मे महिन्याआधी होणार नव्हतं, आणि दुकानाचं पान त्याआधी तयार हवं होतं. म्हणजे हात काढायचा आणि त्याच्या आड गेलेली बाटली पुन्हा उभी करायची.

बहुतेकांना वाटतं की हे काम खोडरबराचं आहे. हात पुसला की मागची बाटली दिसणार. पण फोटोत हाताच्या मागे काहीच नसतं. हात पुसला तर हाताच्या आकाराचं भोक उरतं, आणि ते कशाने भरायचं हाच सगळा प्रश्न. फोटोशॉपमध्ये २०१० साली 'कंटेंट अवेअर फिल' नावाची सोय आली. भोकाच्या आसपासचे चित्राचे छोटे तुकडे तपासून, त्यातले जुळतील ते उचलून ती भोकात बसवते. गवत, वाळू, भिंत, आकाश यांवर ती झकास चालते, कारण तिथे शेजारचं गवत आणि हरवलेलं गवत यात फरक नसतो. आमच्या बाटलीवर ती चालवून पाहिली तर अंगठ्याच्या जागी आणखी एक अर्धा 'ळ' उगवला आणि बाटलीची कड मध्येच आत गेली. त्यात सोयीचा दोष नाही. बाटली गोल असते, लेबलवर शब्द असतात आणि शब्दांना अर्थ असतो, यातलं तिला काहीच ठाऊक नसतं. शेजारून काय उचलता येईल, एवढंच ती बघते.

म्हणून हे काम अंदाजाने करायचं नसतं, पुराव्याने करायचं असतं. हाताआड गेलेल्या प्रत्येक भागासाठी विचारायचं, याची माहिती आणखी कुठे आहे? आमच्या बाटलीत ती तीन ठिकाणी होती. बाटलीचा आकार तिच्या स्वतःच्याच दुसऱ्या बाजूला होता. काचेचा आणि आगळाचा रंग हाताच्या वर आणि खाली होता. आणि लेबल छापखान्यात होतं.

छापखान्यापासून सुरुवात केली, कारण तिथून वस्तू यायला वेळ लागतो. आपल्याकडे लहान गावातली बरीच लेबलं कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. ती फाइल तशीच मागवली आणि आपल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून छापखान्याला एकच वाक्य सांगायचं: फॉन्ट कर्व्ह करून पीडीएफ पाठवा. मग अक्षरं अक्षरं राहत नाहीत, रेषांचे आकार होतात आणि कुठेही उघडली तरी तशीच दिसतात. फाइल मिळाली नाही तर न चिकटवलेलं एखादं लेबल स्कॅनरवर सपाट ठेवून ६०० डीपीआयला स्कॅन केलं तरी चालतं. फोटो मागवताना तो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं, नाहीतर वाटेतच तो लहान आणि पुसट होतो. फाइल हाती येईपर्यंत बाकीचं काम पुढे न्यायचं.

आता हात किती मोठा आहे ते ठरवायचं. हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण नवशिक्याचं काम नेमकं इथेच फसतं. तो अंगठ्याच्या आणि बोटांच्या बाह्यरेषेवरून काळजीपूर्वक निवड करतो, तेवढाच भाग बदलतो, आणि तरीही फोटोत काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. कारण हात त्याच्या बाह्यरेषेपाशी संपलेला नसतो. अंगठ्याच्या खालच्या कडेला लेबलवर दोन-तीन मिलिमीटर रुंदीची सावली पडलेली असते. त्याच्या पलीकडे पांढऱ्या कागदावर त्वचेचा नारिंगी-गुलाबी उजेड सांडलेला असतो, कारण खिडकीचा प्रकाश त्वचेवर आपटून कागदावर येतो. आमच्या फोटोत लेबलच्या उजव्या कोपऱ्यातला कोरा कागद लाल २३६, हिरवा २३३, निळा २२८ असा होता, म्हणजे जवळजवळ पांढरा, जरासा उबदार. अंगठ्याला लागून असलेला तोच कागद २३८, २२२, २१० भरला. डोळ्याला तोही पांढराच वाटतो, पण अंगठा काढून टाकल्यावर तिथे एक मळकट डाग उरतो आणि तो का आहे हे कुणाला सांगता येत नाही. याशिवाय सोनेरी झाकणात बोटांचं प्रतिबिंब होतं, आणि काचेच्या डाव्या कडेला तळहाताचं, एक लांबट तपकिरी पट्टी होऊन. हे सगळं हाताचंच. निवड करताना ते हातात धरायचं. म्हणून मास्क, म्हणजे जो भाग झाकून बदलायचा त्याचा साचा, अंगठ्यापेक्षा आम्ही जवळजवळ एका अंगठ्याने मोठा केला. मूळ फोटोतलं काही खोडायचं नाही. तो सगळ्यात खालच्या थरावर शाबूत राहतो आणि नवा भाग वरच्या थरांवर बसतो. पुढे शंका आली की खाली डोकावता येतं.

हातात धरलेली बाटली कधीच सरळ नसते. आमची दोन-अडीच अंश कलली होती. आधी ती फिरवून उभी केली, मग झाकणाच्या मध्यातून तळाच्या मध्यापर्यंत एक उभी रेष टाकली. नळकांड्याचा हा अक्ष. मानेची, खांद्याची आणि तळाची रुंदी या रेषेच्या दोन्ही बाजूंना मोजून पाहिली. ती सारखी भरेना तर अक्ष चुकला आहे किंवा बाटली अजून कललेली आहे. हे जुळल्याशिवाय पुढे गेलात तर प्रत्येक टप्प्यावर तोच घोळ नव्या रूपात भेटतो.

अक्ष मिळाला की आकाराचं काम लवकर होतं. डावा खांदा तळहाताने झाकलेला होता, उजवा मोकळा होता. उजव्या खांद्यावरून पेन टूलने बाह्यरेषा काढली, ती अक्षाभोवती उलटवली, आणि डावीकडे बाटलीची नेमकी कड मिळाली. खांद्याखाली मात्र दोन्ही बाजू झाकलेल्या होत्या, डावीकडे तळहात आणि उजवीकडे बोटांची टोकं, त्यामुळे उलटवायला काही उरलं नव्हतं. पण तिथे बाटलीचं अंग सरळ आहे. खांदा संपतो तिथला बिंदू आणि हाताखाली कड पुन्हा दिसू लागते तो बिंदू, या दोहोंना सरळ रेषेने जोडलं की झालं.

इथे एक मोह होतो. रेषा उलटवली, मग उजव्या बाजूचं चित्रच उलटवून डावीकडे का चिकटवू नये? आकार जुळतो, रंग जुळतो, दोन मिनिटांत काम होतं. पण खिडकी उजवीकडे होती. बाटलीच्या उजव्या अंगावर वरपासून खालपर्यंत उजेडाचा एक उभा पांढरा पट्टा आहे. चित्र उलटवलं तर तसाच पट्टा डावीकडेही येतो आणि पडवीत दोन खिडक्या होतात. पाहणाऱ्याला पट्टा मोजता येत नाही, पण बाटली खोटी आहे हे कळतं. आरसा फक्त आकारासाठी वापरायचा. उजेड त्याच बाजूचा, त्याच बाजूकडून आणायचा.

तो कसा आणायचा? नळकांड्याचा एक गुण कामी येतो. बाटलीवर डावीकडून उजवीकडे जाताना उजेड सतत बदलतो: कड, सावली, मध्यभाग, चकाकी, पुन्हा कड. पण वरून खाली जाताना तो जवळजवळ बदलत नाही. म्हणजे हाताच्या थोडं वर बाटलीची एक आडवी, अगदी पातळ पट्टी घेतली तर तिच्यात हाताआड गेलेल्या भागाचा सगळा उजेड आधीच लिहिलेला असतो. ही दोन-चार पिक्सेल उंचीची पट्टी आम्ही हाताच्या वरून उचलली आणि उभी ताणून हाताच्या खालपर्यंत नेली. तशीच दुसरी पट्टी हाताच्या खालून उचलून वरपर्यंत ताणली. मग दोन्ही थर एकमेकांत विरघळवले, वर वरची पट्टी पूर्ण आणि खाली खालची पूर्ण. वरून खाली येताना उजेडात जो थोडासा फरक पडतो तोही असा आपोआप बसतो. उजव्या कडेवरच्या दोन बोटांच्या टोकांनाही हीच युक्ती लावली आणि तुटलेला पांढरा पट्टा सलग झाला.

ताणलेल्या पट्टीचा एक दोष राहतो. ती फार गुळगुळीत असते. मोबाइलच्या फोटोत सगळीकडे बारीक कणकण असते, सावलीत जास्त. ताणलेल्या भागात ती उभ्या रेघा होऊन पसरते किंवा नाहीशी होते. शंभर टक्के आकारात पाहिलं की तेवढाच भाग प्लॅस्टिकसारखा दिसतो. म्हणून तो आधी किंचित आडवा पुसट केला आणि मग शेजारच्या भागाइतकी कणकण वरून घातली.

आगळ पारदर्शक असतं आणि नसतंही, त्यामुळे बाटलीचा हा भाग सगळ्यात मजेचा होता. मध्यभागी ते जवळजवळ काळं दिसतं, कडेला माणकासारखं लाल. याचं कारण साधं आहे: मधून येणाऱ्या प्रकाशाला बाटलीच्या सगळ्या जाडीतून, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर आगळातून यावं लागतं, आणि कडेजवळ ही वाट आखूड होत जाते. आमच्या फोटोत मागे चार बोटं होती, त्यामुळे ज्या कडेने लाल चमकायला हवं ती तपकिरी झाली होती. शिवाय भरलेली बाटली भिंगासारखी वागते आणि मागे टेकलेली वस्तू आडवी रुंद करून दाखवते, त्यामुळे बोटांच्या सावल्या जिथे असतील असं वाटतं तिथे नव्हत्याच. त्या ओळखायला वेळ लागला. ओळखल्या गेल्यावर उपाय तोच, वरची पट्टी. खांद्याखाली बोटांच्या वर दोन सेंटिमीटर आगळ मोकळं दिसत होतं. तिथला लाल रंग खाली आणला. ही दोन सेंटिमीटर नसती तर काम तिथेच थांबलं असतं, कारण आगळाचा लाल मनाने रंगवला तर तो सरबताचा होतो, आणि कोकणातला माणूस फोटो पाहून नाक मुरडतो.

एव्हाना छापखान्याची पीडीएफ आली होती. सपाट लेबल गोल बाटलीवर बसवायचं म्हणजे त्याला दोन गोष्टी कराव्या लागतात: आडवं दाबायचं आणि आडव्या रेषा वाकवायच्या.

आधी दाबण्याचं. बाटलीचा व्यास ७ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या ३५ मिलिमीटर. लेबलच्या मध्यावरचं अक्षर समोरून दिसतं, पण कडेकडे जाताना कागद आपल्यापासून वळत जातो आणि अक्षर चिंबत जातं. मध्यापासून ६० अंशांवरचं अक्षर निम्म्या रुंदीचं दिसतं. फाइलमध्ये आमचा 'आ' १६ मिलिमीटर रुंद होता. बाटलीवर त्याची डावी कड मध्यापासून सुमारे ४० अंशांवर येत होती आणि उजवी १४ अंशांवर. हिशेब केला तर फोटोत तो १४ मिलिमीटरचा भरतो. पण सगळा 'आ' सारखा दबत नाही हे खरं महत्त्वाचं. डावीकडची 'अ'ची पोटं पाऊणपटीला येतात आणि उजवीकडचा काना जवळजवळ मूळ जाडीचा राहतो. अख्खं अक्षर सरसकट १४ मिलिमीटर रुंद केलं तर लेबल सपाट दिसतं, जणू बाटलीसमोर कागद धरलाय. म्हणून एकेक अक्षर न बसवता पूर्ण लेबलच वॉर्पच्या जाळीने नळकांड्यावर वळवलं.

मग वाकवण्याचं. बाटलीवरची आडवी रेष कॅमेऱ्याच्या उंचीवर असेल तर सरळ दिसते, त्याच्या वर असेल तर कमानीसारखी वर फुगते, खाली असेल तर झोळीसारखी खाली झुकते. किती, हे अंतरावर ठरतं. हात लांब करून, सुमारे ४० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत, डोळ्याच्या पातळीपासून ५ सेंटिमीटर वरची रेष या बाटलीवर जवळजवळ ५ मिलिमीटर फुगते. तीच बाटली चार फुटांवरून झूम करून टिपली तर फुगवटा दीड मिलिमीटर राहतो. स्टुडिओतले पॅकशॉट शांत, सरळ दिसतात आणि मोबाइलचे पोट सुटल्यासारखे, त्याचं मोठं कारण हेच. आमच्या फोटोत कॅमेरा 'कोकम' या ओळीच्या आसपास होता. त्यामुळे लेबलची वरची कड कमान होती, खालची कड झोळी, आणि 'आगळ'ची शिरोरेषा किंचित खाली झुकलेली.

हे सगळं आकडेमोडीने सुरू करायचं, पण शेवटचा निकाल फोटोच देतो. वळवलेलं लेबल अर्धपारदर्शक करून फोटोवर ठेवलं आणि 'कोकम'चे दोन्ही 'क', 'ग'चा काना आणि 'ळ'ची दोन वर्तुळं खालच्या अक्षरांवर बरोबर येईपर्यंत जाळी हलवली. दिसणारी अक्षरं जुळली की न दिसणारं अक्षर आपोआप जागेवर असतं. त्यानंतर सगळं लेबल लपवून फक्त अंगठ्याच्या मास्कमधला भाग उघडा ठेवला. बाकी लेबल फोटोतलं, खरं.

देवनागरीत हे काम रोमन लिपीपेक्षा कठीण जातं, असं माझं मत आहे. रोमन अक्षरं सुटी असतात, एखादं अर्धा पिक्सेल वरखाली झालं तरी डोळा माफ करतो. आपल्याकडे शिरोरेषा आहे. मास्कची कड शिरोरेषेला कापते तिथे नवी रेषा आणि फोटोतली रेषा एक पिक्सेल जरी वरखाली झाली, किंवा एक काळी आणि दुसरी करडी पडली, तर पायरी लगेच दिसते. उपाय म्हणजे मास्कची कड शिरोरेषेवर आणायचीच नाही, दोन अक्षरांच्या मध्ये तर मुळीच नाही. ती काना किंवा पोट अशा जाड उभ्या भागातून न्यायची, जिथे सांधा शाईत मुरतो. आमचा सांधा 'ग'च्या काना-रेषेत मुरवला.

शाईचंही एक आहे. फाइलमधला काळा शंभर टक्के काळा असतो. छापलेला, पडवीच्या उजेडात टिपलेला काळा गडद तपकिरी-करडा असतो. म्हणून रंग फाइलमधून घ्यायचा नाही, शेजारच्या 'ग'मधून उचलायचा. फाइलच्या कडा वस्तऱ्यासारख्या धारदार असतात, फोटोतल्या नसतात, तेव्हा पाऊण पिक्सेलचा पुसटपणा आणि पुन्हा ती कणकण. आणि कागद व शाई वेगळे ठेवायचे. आधी अंगठ्याच्या जागी कोरा कागद उभा करायचा, त्याच वरखाली ताणलेल्या पट्टीने, आणि त्यावर शाईचा थर मल्टिप्लाय पद्धतीने, म्हणजे खालचा उजेड शाईतून जाणवेल असा ठेवायचा. फाइलमधला पांढरा कागद सोबत आणला तर तो चिकटपट्टीसारखा उठून दिसतो.

एका जागी पुरावा मिळाला नाही. अंगठ्याच्या टोकाखाली बॅच नंबर आणि तारीख होती. ती लेबल चिकटवल्यावर शिक्क्याने मारलेली, त्यामुळे छापखान्याच्या फाइलमध्ये तिथे कोरी चौकट होती. एक आकडा अर्धवट दिसत होता. असा आकडा ओळखून पुरा करायचा नाही, हा माझा नियम आहे, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ परिमाण, किंमत, तारीख हे असावंच लागतं. खाद्यपदार्थावर १४ आकड्यांचा परवाना क्रमांकही असतो. यातला एक आकडा मी रंगवला तर तो शोभेचा भाग राहत नाही, खोटी नोंद होते. परवाना क्रमांक फाइलमध्ये होता, तो घेतला. बॅच नंबराची चौकट फाइलप्रमाणे कोरी ठेवली आणि गटाला तसं कळवलं.

पार्श्वभूमी पांढरी करणं मग पेन टूलच्या बाह्यरेषेने सहज झालं. पण हातातून सुटलेली बाटली हवेत तरंगत होती. ती कशावर उभी नव्हतीच, त्यामुळे तिच्या तळाशी सावली नव्हती. तळाला लागून अगदी पातळ गडद रेघ, तिच्याभोवती डावीकडे झुकणारी फिकट सावली, एवढं घातल्यावर ती टेकली. खिडकी उजवीकडे, म्हणून सावली डावीकडे.

मग तपासणी. सगळ्या थरांच्या वर एक तात्पुरता थर टाकून रंगांचा भडकपणा ८० टक्क्यांनी वाढवला. साध्या डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या लेबलवर डावीकडे फिकट नारिंगी अंगठा पुन्हा उगवला, थोडा मोठा, पुसट कडांचा. मास्क मोठा करूनही त्वचेचा उजेड त्याच्याबाहेर गेला होता. तेवढ्या भागावर फक्त रंग बदलणारा, उजेड-सावलीला हात न लावणारा थर घालून कागदाचा रंग उजव्या कोपऱ्यातल्या कागदावर आणला. दुसरी तपासणी फोटो आडवा उलटवून करायची. ओळखीचं चित्र उलटं पाहिलं की डोळ्याची सवय मोडते आणि वाकडी कड, तुटलेली चकाकी झटकन दिसते. आम्हाला झाकणात एक बोट दिसलं.

हेच काम पाउचच्या बाबतीत आलं असतं तर मी घेतलं नसतं. चिवड्याच्या किंवा मसाल्याच्या चकचकीत पाउचला अक्ष नसतो, डावी बाजू उजवीसारखी नसते, आणि बोटांनी दाबल्यामुळे सुरकुत्या हातापासून लांबवर पसरलेल्या असतात. हाताआडची सुरकुती कशी होती याचा पुरावा कुठेच नसतो. मऊ प्लॅस्टिकच्या बाटलीचंही तसंच, बोटं काढली तरी पोचा उरतो. जिथे वस्तू हाताच्या दाबाने आकार बदलते तिथे झाकलेला भाग उभा करणं म्हणजे कल्पनेने नवी वस्तू काढणंच.

फोटो हातात धरूनच काढावा लागणार असेल, तर स्टुडिओवाले वापरतात ती रीत घरीही जमते. मोबाइल कशावर तरी घट्ट टेकवून ठेवा, चार-पाच फूट लांब, थोडा झूम करून, आणि टायमर लावा. बाटली एका उंच डब्यावर उभी करा. पहिल्या फोटोत तिला वरून, झाकणाला धरा. दुसऱ्या फोटोत बाटली जराही न हलवता झाकण सोडा आणि तळाशी धरा. पहिल्यात तळ मोकळा, दुसऱ्यात झाकण मोकळं, लेबल दोन्हीकडे पूर्ण. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले की एकाच्या हाताखालचा भाग दुसऱ्यात तयार असतो आणि सगळं काम दहा मिनिटांत आटोपतं. अर्थात बाटली डब्यावर न धरताच उभी राहत असेल तर धरायचीच कशाला, असं गटातल्या एका काकूंनी फोनवर विचारलं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.